डोमिसाइल हातात आहे, पण बारावी कोट्याची

प्रश्न: "आम्ही मूळचे साताऱ्याचे, ओबीसी. माझ्या खासगी नोकरीमुळे काही वर्षं इंदूरला होतो, मुलीचा जन्म तिथला, २००७ चा. २००९ पासून पुण्यात आहोत. मुलीची शाळा दहावीपर्यंत पुण्यात, अकरावी-बारावी मात्र राजस्थानातल्या कोटा शहरातल्या सीबीएसई शाळेतून, २०२५ मध्ये पास झाली. डोमिसाइल मागच्या आठवड्यात मिळालं. सेतूमधला मुलगा म्हणाला, आता राज्याच्या ८५ टक्के जागांत कुठेच अडचण नाही. मेडिकल आणि इंजिनिअरिंग दोन्हीचे फॉर्म भरायचेत. हे खरं आहे का? पुढे एमपीएससीला हेच चालेल ना? धाकटा दहावीत आहे, त्यालाही कोट्याला पाठवायचा विचार आहे."

सेतूतल्या मुलाचं म्हणणं इंजिनिअरिंगपुरतं बरोबर आहे, मेडिकलपुरतं चूक आहे. एमपीएससीला हाच दाखला चालेल, पण तिथे त्याचं काम वेगळं आहे. मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. दाखल्यांचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं आणि आता प्रवेशाच्या हंगामात ओळखीपाळखीच्या मुलांच्या फायली तपासून देतो. तुमच्यासारखी फाइल दर उन्हाळ्यात एक-दोनदा तरी समोर येतेच. दाखला अगदी खरा असतो, फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर तो देतो तो प्रश्न प्रवेशाच्या नियमात विचारलेलाच नसतो.

म्हणून आधी तो कागद काय सांगतो ते पाहू. त्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. तहसीलदार त्यात तीनच गोष्टींवर सही करतात: मुलीची जन्मतारीख अमुक, ती भारताची नागरिक आहे, आणि ती महाराष्ट्राची अधिवासी आहे. अमुक कोट्याला ती पात्र आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. ते ठरवायचा अधिकार तहसीलदारांना नाहीच. तो सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेला आहे किंवा भरतीच्या जाहिरातीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन खटल्यात सांगितलं होतं की घटनेच्या दृष्टीने अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास असं काही नसतं. राज्यं ज्याला डोमिसाइल म्हणतात तो प्रत्यक्षात दीर्घकाळच्या रहिवासाचा पुरावा असतो. आपल्याकडे त्या रहिवासाचं माप साधारणपणे पंधरा वर्षं.

तुमच्या मुलीला दाखला कसा मिळाला असेल, ते मी बसल्या जागी सांगू शकतो, कारण टेबलावर आम्ही तेच करायचो. अर्जाच्या पाठीमागे पेन्सिलीने वर्षं ओळीने लिहायची आणि प्रत्येक वर्षासमोर पुरावा मांडायचा. २००९ ते शाळाप्रवेशापर्यंत वडिलांचं लाइट बिल, भाडेकरार, शिधापत्रिका. मग पहिली ते दहावी शाळेचं बोनाफाइड, हा सगळ्यात भक्कम तुकडा, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरला त्याची नोंद असते. राहिली २०२३ ते २०२५ ही दोन वर्षं. तिथे मुलगी कोट्याला होती, पण घर पुण्यातच होतं. आई-वडील इथे, शिधापत्रिकेवर नाव इथलं, सुट्टीला येणं इथे. शिकायला म्हणून बाहेर राहिल्याने रहिवास तुटत नाही, हे कोणताही जाणता कारकून मान्य करतो. त्यामुळे पंधरा वर्षं भरली आणि दाखला निघाला. त्यात काही गैर नाही.

म्हणजे कोट्याची दोन वर्षं डोमिसाइलच्या हिशेबात बिनमहत्त्वाची ठरली. आता तीच दोन वर्षं मेडिकलच्या फॉर्ममध्ये न्या.

महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्याला डोमिसाइल लागतं, पण तेवढं पुरत नाही. बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण झालेली असली पाहिजे, आणि दहावीसुद्धा. बोर्ड कोणतं, याला महत्त्व नाही. सीबीएसई असो, आयसीएसई असो वा राज्य मंडळ. महत्त्व आहे ते शाळा कुठे आहे याला. गुणपत्रिकेवर शाळेच्या नावासमोर कोटा, राजस्थान असं छापलेलं असेल, तर पडताळणीच्या टेबलावर तिथेच बोट थांबतं. डोमिसाइल पुढे केलंत तर समोरचा माणूस नम्रपणे सांगेल की डोमिसाइलबद्दल आक्षेपच नाही, आक्षेप बारावीबद्दल आहे.

या नियमामागचा विचार पटो न पटो, समजून घ्यावा. राज्य सरकारला त्या जागा इथे राहिलेल्या आणि इथेच शिकलेल्या मुलांसाठी ठेवायच्या आहेत. नुसत्या डोमिसाइलवर जागा दिल्या तर बाहेर वाढलेली, पण कागदोपत्री इथली असलेली मुलं आत येतील. नुसत्या बारावीवर दिल्या तर दोन वर्षांसाठी येऊन शिकून जाणारी येतील. म्हणून दोन्ही अटी एकत्र लावल्या. तुमची मुलगी यात चिमटीत सापडली आहे. ती इथलीच आहे, इथेच वाढली, पण शेवटची दोन वर्षं बाहेर. माझ्या मते अशा मुलांसाठी काहीतरी सवलत असायला हवी, पण माझ्या मताने फॉर्म भरला जात नाही.

अपवाद आहेत, ते कोणाचे हे पाहा. केंद्र सरकारच्या सेवेतले, सैन्यदलातले, किंवा राज्य शासनाचे बाहेर नेमणुकीवर असलेले कर्मचारी यांच्या मुलांसाठी काही सवलती असतात, त्याही अटींसह. पालकाची नोकरी सरकारी आणि बदली हुकमाने, हे त्या सवलतींच्या मुळाशी आहे. तुमची नोकरी खासगी आणि मुलगी कोट्याला गेली ती क्लाससाठी, त्यामुळे तिथे जागा नाही. यंदाची माहितीपुस्तिका मात्र स्वतः डोळ्यांखालून घाला. पात्रतेची कलमं दरवर्षी थोडी इकडेतिकडे होतात आणि मागच्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर कोणी विसंबू नये.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. गुणपत्रिकेवर आणि बारावीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळेचा पत्ता नक्की काय आहे? कोट्याला क्लास करणाऱ्या कित्येक मुलांचं नाव महाराष्ट्रातल्याच एखाद्या शाळेत असतं आणि परीक्षाही ती इथूनच देतात. तसं असेल तर बारावी महाराष्ट्राची. (अशा 'डमी' शाळांच्या मागे सीबीएसई हात धुऊन लागली आहे, म्हणून तो मार्ग मी कोणाला सुचवत नाही. पण आधीच झालेलं असेल तर कागद काय म्हणतो, तेच चालतं.) तुम्ही 'कोट्यातल्या शाळेतून' असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे मी तसंच धरून पुढे जातो.

मग मेडिकलला तिच्यासाठी काय उरतं? ज्या जागांना राज्याचा संबंधच नाही त्या सगळ्या. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्स, केंद्रीय विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं यांची प्रवेशप्रक्रिया दिल्लीच्या एमसीसी या केंद्रीय समितीकडून होते आणि तिथे डोमिसाइल लागत नाही. पुण्यातलं एएफएमसी देखील अखिल भारतीय आहे. खासगी महाविद्यालयांतल्या संस्थास्तरीय जागाही बाहेरून बारावी केलेल्यांना खुल्या असतात, फक्त त्यांची फी ऐकून घेरी येते. अखिल भारतीय जागांत ओबीसींसाठी २७ टक्के आरक्षण २०२१-२२ च्या प्रवेशांपासून लागू आहे, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. त्यामुळे हे काम आधी हातात घ्या, डोमिसाइलच्या फोटोकॉपी नंतर काढा.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की दोन वर्षं राजस्थानात होती, तर तिथलं मूलनिवास काढा. तसं करू नका. होस्टेलवर राहून शिकल्याने तिथला रहिवास तयार होत नाही. ज्या तर्काने ती महाराष्ट्राची राहिली, त्याच तर्काने ती राजस्थानची होत नाही. दोन राज्यांचे दाखले घेऊन दोन्हीकडे दावा केला तर ती खोटी माहिती ठरते, आणि प्रवेश झाल्यावर तिसऱ्या वर्षी जरी उघडकीला आली तरी प्रवेश रद्द होतो.

आता इंजिनिअरिंग. तिथे सीईटी सेल महाराष्ट्राच्या उमेदवारांचे टाइप-ए ते टाइप-ई असे प्रकार करतं. टाइप-ए म्हणजे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, आणि त्याशिवाय जन्म इथला किंवा डोमिसाइल इथलं. तुमची मुलगी बारावीमुळे टाइप-एमधून बाहेर पडते. पण टाइप-बी नेमका अशांसाठीच आहे: जे टाइप-एमध्ये बसत नाहीत, पण ज्यांचं स्वतःचं, वडिलांचं किंवा आईचं डोमिसाइल महाराष्ट्राचं आहे. इथे शाळा कुठली, हे कोणी विचारत नाही. म्हणजे जो कागद मेडिकलला निरुपयोगी ठरला तोच इथे एकट्याने दार उघडतो. टाइप-सी आणि टाइप-डी सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांचे, टाइप-ई सीमाभागातल्या मराठी भाषिकांचा. त्यांच्याशी तुमचं काम नाही.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फॉर्ममध्ये टाइप-ए निवडणं. दहावी पुण्याची आणि डोमिसाइलही आहे, असं बघून पालक घाईत ए भरतात. पडताळणीत बारावी बाहेरची निघते, फॉर्म दुरुस्तीला परत येतो आणि मधल्या तारखा निघून जातात. टाइप-बीच भरा आणि पुराव्यात मुलीचं डोमिसाइल जोडा. तुमच्या नावाचं असेल तर तेही फाइलमध्ये असू द्या. आणखी एक. ज्या मुलांचा जन्म महाराष्ट्रातला असतो ती टाइप-एला पुष्कळदा डोमिसाइलशिवाय, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या जन्मस्थळाच्या नोंदीवर काम भागवतात. तुमच्या मुलीच्या दाखल्यावर जन्मस्थळ 'इंदूर' असणार, त्यामुळे तो मार्ग तसाही बंद होता. डोमिसाइल काढलंत ते योग्यच केलंत.

यातला ओबीसीचा भाग थोडा सावकाश वाचा, कारण डोमिसाइल आणि जात या दोन गोष्टी लोक हमखास एकत्र करतात. महाराष्ट्रात ओबीसीचा लाभ घ्यायला घराणं १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्याआधी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे. मुलगी इथे किती वर्षं राहिली याचा जातीच्या दाखल्याशी संबंध नाही. तिचे आजोबा-पणजोबा त्या तारखेला कुठे होते याचा आहे.

तुमचं मूळ साताऱ्याचं, हे इथे कामाला येतं. आजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना चौदाची जन्ममृत्यूची नोंद, जुना फेरफार, यातलं काहीतरी १९६७ पूर्वीचं निघालं की काम झालं. म्हणून जातीचं प्रमाणपत्र साताऱ्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यांचं आणि डोमिसाइल पुण्याच्या तहसीलदारांचं, अशी दोन जिल्ह्यांची जोडी तुमच्या फाइलमध्ये असेल. घाबरू नका, ते बरोबरच आहे. दर हंगामात एखादा पालक धास्तावून विचारतो, दोन्ही एकाच जिल्ह्याचे नकोत का? नकोत. दोन कागद दोन वेगळ्या काळांतल्या रहिवासाबद्दल बोलतात. मधली इंदूरची वर्षंही जातीच्या दाखल्याला बाधत नाहीत.

उलटी बाजू कळण्यासाठी मी पाहिलेली एक फाइल सांगतो. कुटुंब मध्य प्रदेशातलं, १९९२ च्या सुमारास पिंपरीला आलेलं. मुलाचा जन्म इथला, दहावी-बारावी इथली, डोमिसाइल निर्विवाद. त्यांची जात मध्य प्रदेशात ओबीसी, आणि त्याच नावाची जात महाराष्ट्राच्या यादीतही आहे. वडिलांना वाटलं, मग प्रश्नच नाही. पण १९६७ चा महाराष्ट्रातला पुरावा कुठून आणणार? मुलगा राज्य कोट्यात गेला, टाइप-एमध्ये गेला, पण खुल्या प्रवर्गातून. स्थलांतराने जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात १९९० मध्ये स्पष्ट केलंय. ते प्रकरण मुंबईच्या मेडिकल प्रवेशाचंच होतं. तुमची मुलगी आणि तो मुलगा समोरासमोर ठेवून पाहा: तिच्याकडे जातीचा हक्क आहे पण बारावी नाही, त्याच्याकडे बारावी आहे पण जातीचा हक्क नाही, आणि डोमिसाइल दोघांकडे आहे.

इंजिनिअरिंगला ओबीसीतून जायचं तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर अशी तिन्ही लागतील. वैधता साताऱ्याच्या समितीकडून आणि तिला वेळ लागतो. अजून अर्ज केला नसेल तर आज करा, उद्या नको.

आता नोकरी. इथे कायद्याचं टोक प्रवेशापेक्षा वेगळ्या दिशेला आहे. शिक्षणसंस्थांत राज्यांना रहिवासाची अट घालता येते. १९५५ च्या डी. पी. जोशी खटल्यापासून न्यायालयांनी ते मान्य केलंय. पण सरकारी नोकरीत घटनेचं कलम १६ (२) जन्मस्थान आणि निवास या कारणांवरून भेदभावाला मनाई करतं, आणि निवासाची अट घालायचीच तर १६ (३) प्रमाणे तसा कायदा संसदेनेच करावा लागतो, विधिमंडळाने नव्हे. राजस्थानात शिक्षकभरतीत त्या-त्या जिल्ह्याच्या रहिवाशांना जादा गुण दिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कैलाशचंद शर्मा खटल्यात बेकायदा ठरवले. म्हणून एमपीएससीच्या खुल्या, अनारक्षित जागांवर भारताचा नागरिक अर्ज करू शकतो.

मग डोमिसाइल कशाला लागतं? आरक्षणासाठी. एमपीएससीच्या जाहिरातीत एक वाक्य असतं, लोक ते ओलांडून पुढे जातात: मागासवर्ग, महिला, खेळाडू, दिव्यांग, अनाथ वगैरेंसाठीच्या आरक्षणाचा लाभ केवळ महाराष्ट्राच्या सर्वसाधारण रहिवाशांना मिळेल, आणि 'सर्वसाधारण रहिवासी' याचा अर्थ लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० प्रमाणे घेतला जाईल. ते कलम मतदारयादीसाठी केलेलं आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास संपत नाही. पहिली गोष्ट पुण्यात फ्लॅट घेऊन परराज्यात राहणाऱ्यांना लागू. दुसरी तुमच्या मुलीला. कोट्याची दोन वर्षं एमपीएससीच्या बाबतीत पुन्हा बिनमहत्त्वाची झाली. बारावी कुठून केली, हे तिथे कोणी विचारणार नाही.

तुमच्या मुलीला या दाखल्याचा एमपीएससीत दुहेरी उपयोग आहे. एक ओबीसी आरक्षणासाठी, दुसरा महिलांच्या ३० टक्के समांतर आरक्षणासाठी. दाखला पुन्हा काढायची गरज नाही. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, नॉन क्रिमीलेअरची मुदत संपते. अधिवासाच्या दाखल्यावर संपण्याची तारीख नसते. पुढे लग्नानंतर तिने नाव बदललं तर राजपत्र किंवा विवाहनोंदणीचा दाखला जोडावा लागेल, एवढंच. परराज्यात जन्मलेली मुलगी लग्न करून महाराष्ट्रात येते तेव्हा पतीच्या अधिवासाच्या आधारे तिला दाखला मिळतो, ती गोष्ट निराळी.

एमपीएससीखेरीजच्या भरत्यांत, म्हणजे तलाठी, जिल्हा परिषद, पोलीस वगैरे, प्रत्येक जाहिरातीची भाषा वेगळी असते. काही ठिकाणी सरसकट सगळ्यांकडून डोमिसाइल मागतात, काही ठिकाणी महाराष्ट्रातल्या जन्माचा दाखलाही चालतो. तिचा जन्म इंदूरचा असल्याने तिने दुसऱ्या पर्यायाचा विचारच करू नये. आणि तारीख सांभाळावी: अर्जाच्या शेवटच्या दिनांकापर्यंत प्रमाणपत्र हातात असलं पाहिजे, असं बहुतेक जाहिराती म्हणतात. नंतरच्या तारखेच्या दाखल्यावर उमेदवार अडलेले मी पाहिले आहेत, आणि रहिवास तर त्यांचा जन्मापासूनचा होता.

केंद्राच्या नोकऱ्यांत, म्हणजे यूपीएससी, बँका, बहुतेक स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा, डोमिसाइलचा प्रश्न सहसा येत नाही. ठळक अपवाद म्हणजे निमलष्करी दलांतली शिपाई भरती, स्टाफ सिलेक्शन जिला 'जीडी कॉन्स्टेबल' म्हणतं. तिच्या जागा राज्यवार वाटलेल्या असतात, त्यामुळे ज्या राज्याच्या जागेवर दावा, त्या राज्याचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. सैन्याच्या भरती मेळाव्यालाही फोटोसह मागतात.

एमबीबीएसनंतरचंही आत्ताच ऐकून ठेवा, कारण मुलगी पाच-सहा वर्षांनी तिथे पोचेल. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तन्वी बहल खटल्यात निकाल दिला की पदव्युत्तर वैद्यकीय जागांना रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य आहे; तिथे एमबीबीएस कुठल्या संस्थेतून केलं याला प्राधान्य देता येतं, रहिवासाला नाही. एमबीबीएसचा ८५ टक्के कोटा या निकालाने गेलेला नाही, पण काही क्लासवाले तसं सांगत फिरतायत.

आता दाखला हातात घेऊन थोडं तपासा. वर ठळक अक्षरांत 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' असं आहे ना? कारण आपले सरकार पोर्टलवर 'तात्पुरता रहिवास प्रमाणपत्र' ही वेगळी सेवा आहे, आणि घाईत सेतूवाल्याने ती निवडली तर कागद अगदी तसाच दिसतो, सही-बारकोडसकट, पण प्रवेशाला चालत नाही. मुलीचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे अक्षरशः तसंच आहे का, वडिलांच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे नाही ना, जन्मतारीख जुळते का, ते बघा. चूक असेल तर पडताळणीच्या दिवसाची वाट न पाहता तहसीलमध्ये दुरुस्तीचा अर्ज द्या. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे, पण जून-जुलैत टेबलावर गठ्ठे असतात आणि एका त्रुटीवर अर्ज परत आला की मोजणी नव्याने सुरू झाल्यासारखीच होते.

राहिला धाकटा. त्याला इंजिनिअरिंगच करायचं असेल आणि आयआयटीवर नजर असेल, तर कोट्याला जायला हरकत नाही. परतला तर टाइप-बी आहेच. पण मेडिकलचा थोडाही विचार असेल तर अकरावी-बारावीचं नाव महाराष्ट्रातल्या, रोज वर्ग भरणाऱ्या खऱ्या कनिष्ठ महाविद्यालयातच राहू द्या. क्लास हवा तर पुण्यात, लातूरला, नांदेडला करा. नीटसाठी या ठिकाणी मुलं राज्यभरातून येतात. आणि त्याचं डोमिसाइल याच उन्हाळ्यात काढून ठेवा. मुलीसाठी गोळा केलेला वडिलांचा पंधरा वर्षांचा पुरावा तोच लागणार आहे, फक्त शाळेचं बोनाफाइड त्याच्या नावाचं घ्या. त्याचा जन्म पुण्यातला असेल तर जन्मदाखल्याची प्रतही सोबत ठेवा.